पनीर बटर मसाला (घरगुती), १ वाटी, १७० कॅलरी? हा हिशोब जुळत नाही

तुझ्या कॅलरी मोजायच्या ॲपमधल्या या नोंदीचा तू पाठवलेला स्क्रीनशॉट बघितला. उत्तर लांबलंय, म्हणून इथेच लिहिते, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

ॲप म्हणतंय: १ वाटी, १५० ग्रॅम, १७० कॅलरी, प्रोटीन ११ ग्रॅम, फॅट ८ ग्रॅम, कार्ब १३ ग्रॅम. बेरीज करून बघ. प्रोटीन आणि कार्बच्या ग्रॅमला चारने गुणायचं, फॅटला नऊने. उत्तर १६८ येतं, म्हणजे बेरीज बरोबर आहे. नोंद खरी वाटते ती यामुळेच. पण बेरीज जुळली म्हणजे पदार्थ जुळला असं नाही.

यात प्रोटीन फॅटपेक्षा जास्त दाखवलंय. नेहमीच्या पनीरची अशी भाजी होऊच शकत नाही. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमानुसार साध्या पनीरमध्ये पाणी जास्तीत जास्त ६० टक्के असावं आणि पाणी वगळून जे उरतं त्यात निदान निम्मं फॅट असावं. उरलेल्या निम्म्यात प्रोटीन, थोडी लॅक्टोज आणि क्षार हे सगळं आलं. म्हणजे पनीरमध्येच प्रोटीन फॅटच्या मागे राहतं. वर बटर, तेल, क्रीम, काजू घातले की अंतर वाढतच जाणार, कारण काजूतही प्रोटीनच्या दुपटीहून जास्त फॅट असतं. टोमॅटो-कांद्यातून येणारं प्रोटीन नावापुरतं.

आता उलट बाजूने बघ. वाटीत ११ ग्रॅम प्रोटीन हवं तर साधारण ५५ ग्रॅम पनीर लागेल. तेवढ्या पनीरचंच फॅट किमान ११ ग्रॅम. ॲपचे ८ ग्रॅम तिथेच संपले, बटर अजून कढईत पडलंच नाही! लो-फॅट पनीर असेल तर हे आकडे बसू शकतात, पण मग नोंदीत तसं लिहायला हवं. नुसत्या ‘घरगुती’ या शब्दावरून काहीच कळत नाही. घरातही कोणी दोन चमचे बटर घालतं, कोणी अर्धी वडी.

चार जणांसाठी नेहमीच्या पद्धतीने केलेली भाजी घेऊ. पनीर २५० ग्रॅम (सुमारे ७५० कॅलरी), बटर ५० ग्रॅम (३६०), तेल १ मोठा चमचा (१२५), काजू ३० ग्रॅम (१७०), २५ टक्के फॅटचं क्रीम ५० ग्रॅम (१२५), टोमॅटो अर्धा किलो (१००), कांदे १५० ग्रॅम (६०), साखर १ छोटा चमचा (२०). एकूण १७१० च्या आसपास. यात अर्ध्याहून जास्त कॅलरी पनीर सोडून इतर गोष्टींच्या आहेत. लोक पनीरचे तुकडे मोजत बसतात ते यासाठी पटत नाही.

ही भाजी शिजून ९०० ग्रॅम झाली तर १५० ग्रॅमच्या वाटीत २८५ कॅलरी, फॅट २३ ग्रॅमच्या आसपास, प्रोटीन साधारण साडेनऊ. तीच ग्रेव्ही आटवून ७०० ग्रॅमवर आणलीस तर तेवढ्याच वाटीत ३६५. घटक तेच, फरक फक्त उडालेल्या पाण्याचा. दुसऱ्या कोणाच्या कढईतून किती पाणी उडालं हे ॲपला कुठून कळणार?

म्हणून तयार नोंद सोड आणि ‘स्वतःची रेसिपी’ म्हणून घाल. रिकाम्या कढईचं वजन आधी करून ठेव. बटर, तेल, काजू, क्रीम आणि पनीर वजनानेच घे. टोमॅटो-कांद्यात थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल. बटर चमच्याने मोजू नकोस, गच्च भरलेल्या आणि सपाट चमच्यात बराच फरक पडतो. १०० ग्रॅमच्या वडीचे सुरीने भाग पाडणं सोपं. गॅस बंद केल्यावर कढईसकट वजन करून रिकाम्या कढईचं वजा कर. समज कढई ८५० आणि भरलेली १७५० ग्रॅम, म्हणजे भाजी ९००. तोच आकडा रेसिपीचं एकूण वजन म्हणून टाक आणि वाढून घेताना ग्रॅममध्येच नोंदव. ‘१ वाटी’ निवडूच नकोस, आपल्याकडे आमटीची वाटीही वाटी आणि खिरीची वाटीही वाटीच.

एवढं करूनही थोडी चूक राहतेच. वर तर्री सुटलेली असते. वरवरची ग्रेव्ही घेतली की फॅट जास्त येतं, तळापासून ढवळून घेतली की सरासरीच्या जवळ जातं. पनीरचे तुकडेही सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाहीत. तुझ्या ताटात जास्त आले तर तुकडे वेगळे तोलून पनीर म्हणून लिही आणि ग्रेव्हीची रेसिपी पनीर न धरता वेगळी कर.

उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी गरम करताना पाणी घालतेस ना? मग तुझा वाटा पाणी घालायच्या आधीच तोल.