परदेशातून : पाटावरचा नाग

“दादा, शाळेच्या नागपंचमीची संहिता तूच लिही. एक सर्पमित्र खरा नाग आणायला तयार आहेत. पालक म्हणतात, त्याशिवाय मुलांची भीती जायची नाही. काय करू?” सोलापूरहून धाकट्या बहिणीचा हा निरोप आला.

नाग आणू देऊ नकोस. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडणे हा गुन्हा आहेच. पण मला अधिक काळजी वाटते ती त्या मुलाची, जे कुणाच्या हातातला शांत नाग पाहून घरी जाते आणि अजगराचे पिल्लू समजून घोणशीला हात घालते.

संहितेत मी सर्वांत जास्त जागा दुधाला दिली आहे. सणाआधी कित्येक दिवस नागाला पाण्यावाचून ठेवतात. मग तहानेने व्याकूळ झालेला तो प्राणी वाटीतले दूधही पितो आणि आपल्याला वाटते, नैवेद्य पावला. ते दूध त्याला पचत नाही, फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते, आणि दात उपटल्याच्या जखमा तोंडात असतातच. आमचे काका मात्र ठामपणे सांगतात की धामण गोठ्यात शिरून म्हशीचे दूध पिते. धामण गोठ्यात येते हे त्यांचे खरे आहे, पण ती उंदरांसाठी येते.

आईकडून मी सगळे विचारून घेतले. पाटावर चंदनाने नाग काढायचा, त्याला लाह्या आणि दूर्वा वाहायच्या, पुरणाची दिंडे उकडायची; त्या दिवशी चिरायचे नाही, तळायचे नाही, शेतात नांगर घालायचा नाही. पाटापुढची दुधाची वाटी मी वगळली, ती तिला मुळीच पटली नाही. चित्रापुढच्या वाटीने कुठल्या सापाला त्रास होतो, हा तिचा प्रश्न आहे, आणि त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

इथे मेलबर्नमध्ये शेजारणीच्या अंगणात तपकिरी साप निघाला, तेव्हा तिने मुले आणि कुत्रा घरात घेतला, दार लावले आणि खिडकीतून नजर ठेवून परवानाधारक साप पकडणाऱ्याला बोलावले. हेच सोलापुरात करा, असे सांगण्याचा मोह मला झाला होता. परंतु इथे अनवाणी खुरपणी करणारे आणि जमिनीवर निजणारे जवळजवळ नाहीत. भारतात मात्र सर्पदंशाने वर्षाला सुमारे ५८,००० माणसे दगावतात, असा २०२०च्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणून संहितेत मण्यार आलीच पाहिजे. ती रात्री, झोपेत चावते, दंश फारसा दुखत नाही, आणि किडा चावला असेल म्हणून घरचे सकाळपर्यंत थांबतात. दंश झालेला हात किंवा पाय घट्ट पट्टीने गुंडाळण्याचा इथला धडा मी घेतलेला नाही, कारण घोणशीच्या दंशाने आधीच सूज येते आणि पट्टीने इजा वाढू शकते; तो अवयव न हलवता थेट सरकारी रुग्णालय गाठायचे, इतकेच आजीच्या तोंडी घातले आहे.

शेवटच्या प्रवेशात तीच आजी अंथरूण झटकते, नातवाला खाटेवर निजवते आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचते. मागे पाटावर चंदनाचा नाग दिसत राहतो.