ऍक्युरसी 85 टक्के म्हणे!

आज रविवार म्हणून डिचोलीहून फोंड्याला ताईकडे जेवायला गेलो होतो. सुंगटाचं हुमण, बाहेर धो धो पाऊस, सगळं कसं मस्त, आणि हात धुवून बसतोय तोच भाच्याने मोबाईल पुढे केला, "मामा बघ, 9 मध्ये 8 ट्रेड प्रॉफिटमध्ये". आणि त्याच दमात, शेअरच्या टिप्स देणाऱ्या एका टेलिग्राम चॅनलला महिना 6 हजार भरणार म्हणाला, का तर त्यांची ऍक्युरसी 85 टक्के आहे, म्हणजे शंभरातल्या 85 टिप्स बरोबर येतात. वेर्ण्याला शिफ्ट करून कमावलेले 6 हजार! तिथेच डोकं फिरलं माझं, आणि घरी येऊन हे लिहितोय तरी अजून शांत झालेलं नाही.

कारण 85 टक्के हा आकडा मला पाठ आहे. 2021 साली मी इंट्राडे, म्हणजे आज घेतलेला शेअर आजच विकायचा, असं करत होतो तेव्हा लाल रेघांच्या डायरीत लिहून ठेवलं होतं, 20 ट्रेड, 17 प्रॉफिट, 3 लॉस. बायकोला मोठ्या तोऱ्यात दाखवलं होतं. ती डायरी बघून म्हणाली, मग खात्यात पैसे कमी कसे? मी म्हटलं ब्रोकरेज असेल. ब्रोकरेज नव्हतं हो. 17 ट्रेडमध्ये सरासरी 500 मिळाले म्हणजे साडेआठ हजार, आणि 3 ट्रेडमध्ये सरासरी 4 हजार गेले म्हणजे बारा हजार. साडेतीन हजार खिशातून, ब्रोकरेज आणि टॅक्स त्याच्यावर वेगळे. वीसपैकी सतरा वेळा बरोबर येऊन मी पैसे घालवले.

असो, भाच्याकडे येतो. त्याला म्हटलं एक ट्रेड नीट सांग, कसा घेतलास. शेअर 420 ला घेतला, 100 नग, टार्गेट 426. मी विचारलं स्टॉपलॉस, म्हणजे पडला तर किती ला विकून बाहेर पडणार? तर म्हणे "बघू म्हटलं". चार्ट उघडला तर खालचा सपोर्ट, म्हणजे पडता पडता शेअर जिथे थांबतो ती पातळी, 402 ला, म्हणजे तुझा अंदाज चुकला हे शेअर तुला 402 तुटल्यावरच सांगणार. म्हणजे 6 रुपये मिळवायला तू 18 रुपये डावावर लावतोयस बाबा. भागाकार शेअर घेण्याच्या आधी करायचा, नंतर नाही. 18 ला 18 अधिक 6 म्हणजे 24 ने भागलं की 75 टक्के. चार ट्रेडमधले तीन बरोबर आले तर तू फक्त आहे तिथेच राहणार, एक पैसा सुटणार नाही, वर खर्च आहेच. माझ्या डायरीचं गणितही हेच, 500 साठी 4 हजार म्हणजे 4000 भागिले 4500, साधारण 89 टक्के लागत होते आणि मी 85 वर नाचत होतो.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे, जी त्या चॅनलवाल्यांना नक्की माहीत असते आणि आपल्या पोरांना कोणी सांगत नाही. टार्गेट 6 वर आणि स्टॉप 18 वर ठेवून तुम्ही डोळे मिटून, चिठ्ठी उचलून शेअर घेतला तरी साधारण चारातल्या तीन वेळा टार्गेटच आधी लागणार. 6 रुपये जवळ आहेत आणि 18 लांब, एवढंच कारण. म्हणजे 75 टक्के ऍक्युरसी ही अक्कल न वापरताच मिळते! टार्गेट अजून जवळ आणा, 85 होईल. स्टॉप काढूनच टाका, 95 होईल. मग एक दिवस शेअर वर येतच नाही आणि तो एकच लॉस सगळ्यांचे पैसे घेऊन जातो. या ऍक्युरसीचे 6 हजार घेतात लोक, राग येणार नाही तर काय?

भाचा तरी ऐकेना, 9 मध्ये 8 म्हणजे 75 पेक्षा जास्तच ना मामा. म्हटलं होल्डिंग दाखव. तिथे होता ना दहावा! इंट्राडेला घ्यायचा म्हणून घेतलेला, पडला, आणि लॉस नको म्हणून न विकता डिलिव्हरीत ठेवून दिलेला, 3900 खाली. "तो बुक कुठे केलाय अजून?" म्हणतो. अरे, म्हणूनच तो मोजला गेला नाही. मग पेन्सिल घेऊन दोघे बसलो. आठ ट्रेडचे सरासरी 600 प्रमाणे 4800, एक लॉस 1800 चा, आणि हा 3900 चा, मिळून 5700. नऊशे रुपये मायनस. पोरगं एकदम गप्प झालं, आणि खरं सांगतो, तेव्हा माझा राग उतरला, कारण 2021 ला डायरीपुढे माझा चेहरा असाच झाला होता.

मग त्याच शेअरवर त्याला दाखवलं. 420 ला हात लावायचाच नाही. 408 पर्यंत येतो का बघायचं, आला तर घ्यायचा, स्टॉप 401 म्हणजे सपोर्टच्या जरा खाली, टार्गेट तेच 426. आता 7 रुपये डावावर लावून 18 मिळवायचे, म्हणजे लॉस 1 ला प्रॉफिट अडीचच्या वर, हाच रेशो. इथे 7 भागिले 25, शंभरात 28 ट्रेड बरोबर आले तरी, खर्च सोडला तर, पैसे जात नाहीत. आणि नग किती? दोन लाख भांडवल आहे, एका ट्रेडला त्याचा 1 टक्का म्हणजे 2 हजारच जाऊ द्यायचे असं ठरवलं, तर 2000 भागिले 7, साधारण 285 नग. शेअर 408 ला आलाच नाही तर? नाही आला तर ट्रेड नाही, संपलं. हेच लोकांना जमत नाही, 420 ला बटण दाबायला बोट शिवशिवतं.

हो, मान्य, नुसता रेशो मोठा करूनही काही होत नाही. 1 ला 5 दिसावा म्हणून चार्टवर जिथे काहीच नाही तिथे टार्गेट लावलं, किंवा स्टॉप एंट्रीच्या नाकाला आणला, तर ट्रेड रोज उडणार. स्टॉप आणि टार्गेट चार्ट ठरवतो, रेशो त्यातून निघतो, उलटं नाही. आणि कंपनीच्या रिझल्टच्या दुसऱ्या दिवशी शेअर गॅपने एकदम खाली 390 ला उघडला तर 401 चा स्टॉप काय कामाचा, हेही खरं. आणि चाळीस टक्केच ट्रेड बरोबर येत असले तर सलग सहा लॉस सहज येतात, तेव्हा पोटात गोळा येतो, माहीत आहे मला.

पण माझ्या त्या तीन ट्रेडमध्ये यातलं काहीच नव्हतं. गॅप नाही, रिझल्ट नाही. पहिल्यात स्टॉप लावलाच नव्हता, आणि बाकीच्या दोघांत लावला होता पण शेअर जवळ आला की खाली सरकवला, एकात तर दोनदा. आणि ज्या सतरांवर मी खूष होतो ना, त्यातल्या कितीतरी ट्रेडमध्ये टार्गेट हजाराचं ठरवलेलं आणि 300-400 दिसले की घाबरून काढले. कागदावर 1 ला 2 आणि प्रत्यक्षात आठाला एक. म्हणून आता डायरीत दोन रकाने ठेवतो, एक घेताना ठरवलेला रेशो आणि दुसरा बाहेर पडल्यावर खरा निघालेला. दर महिन्याला दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लहान दिसतोय का ते बघतो. दिसत असेल तर शेअर निवडण्यात नाही, बाहेर पडण्यात गडबड आहे.

निघताना भाच्याला म्हटलं 6 हजार भरायचे तर भर, पैसे तुझे आहेत, फक्त त्या चॅनलवाल्याला आधी विचार, 15 टक्के चुकतात त्यात सरासरी किती जातात. आत्ता त्याचा मेसेज आलाय, विचारलं म्हणे, तर त्यांनी ग्रुपमधून काढून टाकलं.