‘टोकाचं पाऊल’ म्हणजे नक्की कुठलं पाऊल?

दुपारपासून डोकं फिरलंय. लिहून टाकते, नाहीतर आज झोप लागायची नाही.

विश्रामबागेत आमच्या हेल्पलाइनच्या नव्या स्वयंसेवकांचं प्रशिक्षण चालू आहे. फोन आला की काय बोलायचं, काय विचारायचं, याची चार पानांची स्क्रिप्ट आहे. तिच्यात एक वाक्य होतं, “तुमच्या मनात जीव द्यायचे, आत्महत्येचे विचार येतायत का?” आज एका ज्येष्ठ सरांनी ते लाल पेनानं खोडलं आणि वर लिहिलं, “आपण काही टोकाचं पाऊल उचलण्याचा विचार तर करत नाही ना?” आणि निम्म्या हॉलनं माना डोलावल्या!

अहो, टोकाचं पाऊल हा पेपरातला शब्द आहे. रात्री एक वाजता फोन करणारा माणूस बातमी वाचायला बसलेला नसतो. आणि शेवटचं ते “तर नाही ना”? प्रश्नाच्या शेपटीलाच उत्तर बांधून दिलं की. समोरच्यानं फक्त “नाही” म्हणायचं आणि आपण सुटल्याचा श्वास सोडायचा.

हे मला कुठल्या वर्गात कळलेलं नाही. तासगावकडं माझ्या मावसभावाची द्राक्षबाग आहे. (त्याला विचारूनच लिहितेय.) अवकाळीनं माल गेला त्या वर्षी एका वास्तुशांतीत तो पंगत सोडून मांडवाच्या मागं एकटाच उभा होता. हातातल्या पत्रावळीचे तुकडे करत. मी जवळ जाऊन म्हटलं, “तसलं काही डोक्यात नाही ना रे तुझ्या?” तो हसला. “न्हाय गं ताई.” मी निवांत जेवायला बसले. जिलेबीपण घेतली.

सर म्हणाले, “इतकं थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घालू आपण.” विचारल्यानं विचार येत नाही हो. आलेला असतो, तो सांगायला जागा मिळते. सरांची एक गोष्ट मात्र मान्य करते, तो शब्द जिभेवर जड आहे. पहिल्या रोल-प्लेत माझाही आवाज चिरकला होता. म्हणून तर प्रशिक्षण असतं ना? घरी आरशासमोर वीस वेळा म्हणा.

आणि पहिल्याच मिनिटाला विचारा असं कोण म्हणतंय? आधी ऐकायचं. आजच्या रोल-प्लेत एक मुलगी कॉलर झाली होती. ती म्हणाली, “वैताग आलाय, सगळं संपवून टाकावं वाटतंय.” समोरचा पोरगा लगेच, “अहो असं बोलू नका, दिवस बदलतात.” झालं, दार बंद. तिथं म्हणायचं, “फार थकलाय तुम्ही. काय काय चाललंय, सांगता?” आणि गप्प बसायचं. चार-पाच सेकंदांची शांतता फोनवर डोंगराएवढी वाटते, पण बहुतेकदा खरं वाक्य तिच्यानंतरच येतं. मग तिचाच शब्द उचलायचा. “संपवून टाकावं म्हणालात, म्हणजे जीव द्यायचे विचार येतायत का?” सरांना आत्महत्या शब्द नको असेल तर हे घ्या, आपल्याकडं असंच बोलतात. थेट म्हणजे पुस्तकी नव्हे.

“हो” आलं की पुढचे प्रश्न एकेक पायरीनं. नुसतं मरून गेलो तर बरं असं वाटतं, की स्वतः काही करावं असं वाटतं? कसं, याचा विचार झालाय? ते करायचं मनात ठरलंय का? काही तयारी केलीय का? आधी कधी प्रयत्न झाला होता का, आणि गेल्या तीन महिन्यांत? पायरी चढेल तशी काळजी वाढवायची, पण आवाज तोच ठेवायचा. काहीजण पोलीस केसला घाबरून बोलत नाहीत. त्यांना सांगायचं की २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच आधी धरतात, शिक्षेचं बघत नाहीत.

आपल्या भागातली एक गोची कुठल्याच बाहेरच्या स्क्रिप्टमध्ये नसते. “औषध आणून ठेवलंय” म्हणजे काय? तापाच्या गोळ्याही औषध, फवारणीचंही औषधच. आज तिघांनी ते वाक्य ऐकून “बरं, वेळेवर घ्या” म्हटलं! विचारा, कुठलं औषध, कशासाठी आणलंय, आत्ता कुठं आहे. समोरच असेल तर बाकी सगळं बाजूला. “तुम्ही त्या खोलीतून अंगणात येता का? मी फोनवरच आहे. घरात कोण जागं आहे?” सोबतच्यानं तोवर दुसऱ्या फोनवरून ११२ किंवा १०८ लावायचा, आणि तसं लावतोय हे कॉलरला सांगायचं. गुप्ततेची हद्द इथं संपते, हे त्याला चोरून कळता कामा नये.

आणि ती शपथ! “पोरांची शपथ घ्या, असं काही करणार नाही म्हणून.” बाई गं. शपथेनं आपल्याला बरं वाटतं, त्याचं तोंड बंद होतं. पुढच्या वेळी विचार आला तर शपथ मोडल्याची लाज वाटून तो फोनच करणार नाही.

मावसभावाचं सांगायचं राहिलं. दोन महिन्यांनी त्याची बायको त्याला मिरजेला डॉक्टरांकडं घेऊन गेली तेव्हा तो मला म्हणाला, “ताई, त्या दिवशी तू नीट इचारलं असतंस तर बोललो असतो. तूच न्हाय म्हणलीस, मग मी काय म्हणू?”

लिहिताना आत्ताही घशात आलं.

असे विचार आले की काय काय करायचं, हे लिहिलेला त्याचा सुरक्षा आराखडा मी पाहिलाय. वहीचं फाडलेलं पान, त्याच्याच अक्षरात, त्याच्याच शब्दांत. वादळ जवळ आल्याची खूण: “जेवण नको वाटतं, रात्री हिशोब करत बसतो.” एकट्यानं करायचं: “मोटर चालू करून पाटावर बसायचं.” लोकांत जायची जागा: “पारावर, शंकरभाऊंच्या टपरीवर.” तिथं काही सांगायचं नाही, नुसतं बसायचं. मग सांगता येईल अशी माणसं, बायको आणि मी, नंबरासकट. मग डॉक्टर आणि टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६. शेवटची ओळ: “औषधाच्या खोलीची किल्ली चुलतभावाकडं. फवारणीदिवशी तोच उघडणार.” ती ओळ लिहायला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला म्हणे. विचाराची लाट चढते तशी उतरतेही. ती उतरेपर्यंत किल्ली लांब असली पाहिजे, एवढाच तिचा हिशोब.

हां, त्या कागदानं बँकेचं कर्ज फिटलं नाही. दर पडले की तो अजूनही रात्री हिशोब करत बसतो. पण मग पान काढतो.

आमचे स्वयंसेवक मात्र आज आराखड्याचे हे सहा प्रश्न फॉर्म भरल्यासारखे विचारत होते. “छंद? संगीत लिहू का?” अरे, त्याला विचार की! आणि प्रत्येक ओळीनंतर, “हे रात्री दोन वाजता जमेल का? आड काय येईल?” टपरी दोनला बंद असते. मग दोन वाजता काय, ते त्याच्याकडूनच काढून घ्यायचं.

सरांवर जास्तच तापले का मी? माणूस चांगला आहे. वीस वर्षं लोकांसाठी धावतोय, हॉलचं भाडंही तोच भरतो. चहाच्या वेळी माझ्याकडं येऊन हळूच म्हणाले, “मॅडम, मला तो शब्द उच्चारवत नाही. घरात झालंय आमच्या.” मला काही सुचलं नाही. मी नुसती उभी राहिले, कप हातात घेऊन. मग म्हणाले, “उद्या मी कॉलर होतो. तुम्ही विचारा मला.”

वाक्य मी स्क्रिप्टमध्ये परत टाइप केलंय. उद्या अकराला सत्र आहे.