पोळ्याचा व्हिडिओ पोळ्याला टाकू नका

आज तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांच्या लाकडी नंदींचा सण, आणि सकाळपासून माझं डोकं एकाच गोष्टीवर अडकलं आहे. नागपूरच्या महालातल्या एका ताईने लाकडी नंदी सजवायचा व्हिडिओ काल संध्याकाळी टाकला. काय सुरेख काम आहे! जुन्या साडीच्या काठाची झूल, ती पाठीवर नीट बसावी म्हणून आतून लावलेला पुठ्ठा, शिंगाच्या टोकाशी बेगड चुरगळू नये म्हणून ती खालून वर कशी गुंडाळायची, सगळं जवळून दाखवलं आहे. बघणारे मात्र मोजकेच. खाली लोक सल्ले देत आहेत, थंबनेल बदल, टॅग वाढव, अल्गोरिदमने दाबलं. अरे बाप्पा, कोणीही काही दाबलं नाही! ज्या आयांना हा व्हिडिओ हवा होता त्यांनी तो आधीच शोधला. काल संध्याकाळी त्यांच्या पोट्ट्यांचे नंदी सजून घरात उभे होते.

राग याचा येतो की हे आधी कळू शकतं, तेही फुकट. लोक कोणता शब्द कधी जास्त शोधतात ते दाखवणारं गूगल ट्रेंड्स सगळ्यांच्या फोनवर उघडतं, पण बघायचं कसं ते कोणी सांगत नाही.

पहिली चूक उघडल्या उघडल्या होते. समोर येतो तो साध्या वेब सर्चचा आलेख. पोळा कधी आहे आणि शुभेच्छांचा फोटो कुठे मिळेल असं शोधणारेही त्यात येतात. आपल्याला व्हिडिओ शोधणारे हवेत, म्हणून वरच्या यादीतून `YouTube Search` निवडायचं. प्रदेश महाराष्ट्र ठेवा. शब्द फारच अरुंद घेतला तर रेषा शून्यावर पडलेली दिसू शकते. तिथे शून्य म्हणजे कोणीच शोधत नाही असं नसतं, दाखवण्याइतका शोध नाही इतकंच. शब्द दोन्ही लिपींत एकत्र टाका, मधल्या अधिक चिन्हाने दोन्हींची बेरीज होते:

```
तान्हा पोळा + tanha pola
```

नुसतं "बैल सजावट" टाकाल तर आषाढातही उंचवटा दिसू शकतो. तो कोल्हापूर-सांगलीकडच्या बेंदराचा असेल. त्याला पोळ्याची चाहूल समजू नका.

आता कालावधी. पाच वर्षांचा आलेख बघायला छान वाटतो, पण त्यात एक ठिपका म्हणजे एक आठवडा, आणि आपली सगळी चढण आठवड्या-दीड आठवड्यात उरकते. म्हणून मागच्या वर्षांतले प्रत्येकी दोन महिने तारखा टाकून वेगळे काढा, म्हणजे रोजचा आकडा मिळतो. हा आकडा शोधांची संख्या नव्हे. निवडलेल्या काळात ज्या दिवशी शोधाचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं तो दिवस 100, बाकीचे त्याच्या हिशेबाने. त्यामुळे एका वर्षीचे 100 आणि दुसऱ्या वर्षीचे 100 सारखे नसतात. आपल्याला शिखर बघायचंच नाही. रेषा तळ सोडून वर निघाली आणि परत खाली आली नाही, तो दिवस हवा.

आणि इथेच भले भले फसतात. तो दिवस सापडला की त्याची तारीख लिहून ठेवतात. पोळा श्रावण अमावास्येला असतो, इंग्रजी तारखेला नाही! 2023 ला अधिक श्रावण आला म्हणून पोळा 14 सप्टेंबरला गेला. 2024 ला तो 2 सप्टेंबरला होता आणि 2025 ला 22 ऑगस्टला. समजा 2024 च्या आलेखात चढण 24 ऑगस्टला सुरू झालेली दिसली. तीच तारीख धरून कोणी 2025 ला बसला असता तर 24 ऑगस्टपर्यंत पोळाही झालेला, तान्हा पोळाही झालेला आणि पोरांना द्यायचा बोजाराही वाटून झालेला. म्हणून कॅलेंडर घेऊन अमावास्येपासून मागे मोजायचं. 24 ऑगस्ट म्हणजे पोळ्याआधी नऊ दिवस. 2025 ला नऊ दिवस आधी म्हणजे 13 ऑगस्ट. दोन-तीन वर्षं असंच मोजा. अंतर जवळपास तेवढंच आलं तर भरवसा ठेवा. एक वर्ष फारच वेगळं निघालं तर त्या वर्षीची रेषा आणखी एखाद्या दिवशी पुन्हा काढून बघा, कारण ट्रेंड्स सगळे शोध मोजत नाही, नमुना घेतं, आणि छोट्या विषयात तो नमुना डोलतो.

व्हिडिओ चढणीच्या दिवशीही टाकायचा नाही, त्याच्या चार-पाच दिवस आधी टाकायचा, म्हणजे वरच्या उदाहरणात 8 किंवा 9 ऑगस्टला. सुरुवातीला जे थोडे लोक शोधत येतात ते पूर्ण बघतात, कारण त्यांना खरंच गरज असते. यूट्यूबचा शोध नुसते शब्द जुळवत नाही, त्या शोधातून आलेल्यांनी व्हिडिओ किती बघितला हेही धरतो. गर्दी येईल तेव्हा तुमच्याकडे तेवढी जमा असते. तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी टाकणाऱ्याकडे काहीच नसतं. त्या ताईचं नेमकं हेच झालं, आणि लोक तिला थंबनेल बदलायला सांगताहेत!

जागा शिल्लक आहे का, हे ट्रेंड्स सांगत नाही. ते यूट्यूबवरच बघायचं. "तान्हा पोळा नंदी सजावट" शोधा आणि अपलोडच्या तारखेचा फिल्टर `This month` ला लावा. चार-पाचच नवे व्हिडिओ दिसले आणि त्यातले निम्मे मिरवणुकीचे असले तर जागा आहे. नंदी कसा सजवायचा हेच दाखवणारे दहा-पंधरा आधीच आले असतील तर शब्द अरुंद करा, जसं "जुन्या साडीची झूल", "चाकांचा नंदी". मग फिल्टर काढून पुन्हा बघा. वर्षानुवर्षं वर बसलेला जुना व्हिडिओ पहिल्या नंबरवर असेल तर त्याच्याच शीर्षकाने त्याला हरवायला जाऊ नका.

मान्य आहे, मोठ्या चॅनेलला याची फार गरज नाही, त्यांचे व्हिडिओ यूट्यूब उघडताच दिसणाऱ्या होमवर आपोआप पोहोचतात. आणि एखादी बातमी अचानक फुटली तर मोजायला मागची वर्षंच नसतात. पण आपल्याकडच्या बहुतेक बायका-पोरी घरचं काम सांभाळून, एका फोनवर शूट करतात. त्यांना होम कोण देणार? त्यांच्यासाठी शोध हाच दरवाजा आहे. ताई, हे वाचत असशील तर ऐक, तुझं काम चांगलंच आहे. व्हिडिओ काढून टाकू नकोस. शीर्षकात वर्ष घातलं असशील तर तेवढं काढ. पुढच्या श्रावणापर्यंत तो जुना होईल आणि या विषयात जुनं असणं तुझ्या बाजूचं आहे. शूट पोळ्याची वाट बघत करू नकोस. नंदी माळ्यावर ठेवण्याआधी आणखी दोन प्रकारे सजव, शूट करून ठेव, आणि पुढच्या वर्षी तारीख मोजून शेड्यूलला लाव.

टाकल्यावर दोन गोष्टी. ट्रेंड्सच्या रेषेचं शेवटचं टोक तुटक दिसतं. तो आकडा अपुरा असतो, ती रेषा पडलेली दिसली म्हणून घाबरू नका. आणि यूट्यूब स्टुडिओत ट्रॅफिक सोर्समध्ये `YouTube search` उघडून लोक कोणते शब्द टाकून आले ते रोज बघा. ते "नंदी डेकोरेशन" म्हणत असतील आणि तुम्ही "सजावट" लिहिलं असेल, तर शीर्षकात तो शब्द घाला. पण हे चढण सुरू व्हायच्या आत करा. रेषा वर निघाली आणि माणसं येऊ लागली की शीर्षकाला हात लावायचा नाही.