नीर डोशात सोडा कशाला?

"नीर डोशाची खात्रीशीर ट्रिक! तांदूळ भिजवायची कटकट नाही. तांदळाच्या पिठात उकळतं पाणी आणि चिमूटभर सोडा घाला, पीठ इडलीसारखं दाट ठेवा. कडा जाळीदार कुरकुरीत, मधे कापूस!"

हा मेसेज आत्याने वाचला आणि डोसे केलेही. मग मला फोन: "अगं, तव्याला खळ लागल्यासारखं झालंय, काय करू?"

आधी मेसेजसोबत आलेला फोटो बघा. तो नीर डोशाचा नाहीच, केरळी अप्पमचा आहे. ताडी किंवा यीस्टने आंबवलेलं पीठ खोलगट अप्पचट्टीत ओतून फिरवतात. कडेला पातळ थर चढतो तो कुरकुरीत होतो, मधे साठतं ते फुगून मऊ राहतं. नीर डोसा कर्नाटक-केरळच्या किनाऱ्यावरच्या तुळुनाडूचा. तुळूत नीर म्हणजे पाणी. तो आंबवत नाहीत, आणि तो सगळाच मऊ असतो, फार तर कडेला जरा करकरीत.

त्याची जाळी पाण्याची वाफ करते. पीठ ताकासारखं पातळ आणि तवा कडक तापलेला हवा. ओतताच छुर्र आवाज येऊन भोकं पडली पाहिजेत. दाट पिठातून वाफ फुटत नाही, धिरडं होतं. आणि इतक्या पातळ पिठात सोड्याचा वायू धरून ठेवायला काही नसतं. उरतो तो पिवळट रंग आणि साबणी चव.

उकळत्या पाण्याने तर आत्याचा घात केला. त्याने तांदळातला स्टार्च शिजून फुगतो, म्हणजेच उकड होते. मोदक करायचे असतील तर उत्तम.

भिजवण्याची कटकट का करायची? कोरडं दळताना स्टार्चचे कण जास्त तुटतात, तुटलेले कण जास्त पाणी पितात आणि चिकटतात. भिजलेला दाणा मऊ पडतो, पाण्याबरोबर कमी तुटत बारीक वाटला जातो. तांदळाच्या पिठावरच्या संशोधनात हा फरक पक्का नोंदलेला आहे.

बरं, पिठाचंही जमतं, हे नाइलाजाने मान्य. कोकणात कित्येक घरी घावन तसंच होतं, पण साध्या पाण्यात कालवून, मुरवून.

आत्याला सांगितलं ते असं: एक वाटी कोलम (उकडा नको) पाच-सहा तास भिजव. दोन चमचे ओलं खोबरं घालून गंधासारखं वाट. मीठ घाल, पाणी एकूण अडीच-तीन वाट्या. बिडाच्या तव्यावर कांद्याच्या फोडीने तेल फिरव, कडेकडून मधे ओत, पळीने पसरू नकोस, झाकण ठेव, उलटू नकोस. डोसा फाटला तर पीठ फार पातळ, चमचाभर तांदळाचं पीठ घाल. भोकं पडली नाहीत तर आधी तवा तापव, मग पाणी वाढव.

दुसऱ्या दिवशी फोन आला: पहिले सहा छान, शेवटचे दोन जाड. तांदूळ तळाशी बसतो, आत्या. दर वेळी पळीने तळापासून ढवळायचं.