नोटीस आजोबांनी वाचली

तर आमच्या कॉलेजात फायनल इयरचे मॉक इंटरव्ह्यू सुरू आहेत आणि त्याची नोटीस मी लिहिली होती. दीड पान. ती एकाही मुलाने वाचलेली नाही हे मी स्टँपपेपरवर लिहून द्यायला तयार आहे, कारण ग्रुपवर टाकल्याच्या दुसऱ्याच मिनिटाला पहिला प्रश्न आला, "सर, कम्पल्सरी है क्या?" आणि नोटिशीची पहिली ओळच ती होती. दुसरा फोन एका आईचा, की गुरुवारी दीड ते तीन राहुकाळ असतो, आमच्या मुलाला दोनची वेळ कशी दिलीत? मी म्हणलं, अहो ताई, हा मॉक आहे, खोटा इंटरव्ह्यू, राहू कशाला येतोय खोट्याला.

त्याआधी एचओडींशी स्लॉटवरून भांडण झालेलं. मी प्रत्येकाला पंचवीस मिनिटं धरली होती, पंधरा मिनिटं प्रश्न, पाच मिनिटं पॅनलने मुलाला तोंडावर सांगायचं कुठे चुकलं, आणि पाच मिनिटं शीट भरायला. मुलं ६४, पॅनल दोन, सकाळी दहा ते एक आणि दुपारी दोन ते साडेचार, म्हणजे दिवसाला २६ मुलं आणि उरलेली बारा तिसऱ्या दिवशी सकाळी. एचओडी म्हणाले, "दस-दस मिनट रखो ना यार, एक दिन में निपटाओ." आता दहा मिनिटांत काय होतं ते सांगतो. मुलगा आत येतो, बसतो, "टेल मी अबाऊट युवरसेल्फ"ला वडिलांच्या नोकरीपासून क्रिकेटच्या छंदापर्यंत सगळं सांगतो, त्यात चार मिनिटं गेली. मग एकदोन प्रश्न आणि थँक्यू. पुढचा आत. मागून सांगणं सगळ्यात आधी कापलं जातं, आणि मॉकमध्ये खरं काम तेवढंच असतं, प्रश्न काय यूट्यूबवर पण मिळतात. हे मी बरंच तावातावाने सांगितलं, ते फोन बघत "हाँ हाँ" म्हणाले, म्हणजे मंजूर.

पॅनलचंही नोटिशीत नीट लिहिलं होतं. एक आमचाच जुना विद्यार्थी, तीन वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत आहे. एक बाहेरच्या एचआर मॅडम. आणि एक दुसऱ्या ब्रँचचे सर, कारण आपल्या ब्रँचचा मास्तर बसला की पोरगं अडखळलं रे अडखळलं की उत्तर स्वतःच पुरं करून देतो, आम्हाला राहवत नाही.

आता मुख्य प्रकार. काल सकाळी कॉरिडॉरमध्ये लिस्ट चिकटवत होतो तर मागून आवाज, "काय रे, तू इथला क्लार्क का?" वळून बघतो तर एक आजोबा. इंदूरच्या रामबागेतून आलेले, नातवाला स्कूटरवर मागे बसवून, राऊच्या पुढे एवढ्या लांब! नातू सात सेमिस्टर शिकलेला, त्याला तोंड लपवायला जागा सापडत नव्हती. आजोबा बँकेतून रिटायर, तीही स्टेट बँक ऑफ इंदोर, जी २०१० साली मोठ्या स्टेट बँकेत विलीन झाली, आणि ते दुःख त्यांनी मला आधी पुरतं सांगितलं, मग खिशातून माझी नोटीस काढली. प्रिंट काढून आणलेली. त्यावर लाल पेन.

"इथे तू लिहिलंस दहा मिनिटं आधी या. पंधरा हवीत. आणि 'एक बाह्य परीक्षक' म्हणजे कोण? नाव का नाही?"

मी म्हणलं, आजोबा, नाव लिहिलं की मुलं त्यांचं लिंक्डइन उघडून बसतात, तयारी बाजूलाच राहते. तर म्हणे, "बरंय. पण मुद्दा चार उत्तम आहे. तो तूच लिहिलास?"

(मीच लिहिला! क्लार्कने नाही!) मुद्दा चार असा होता, की सीव्हीवरच्या ज्या ओळीवर तीन प्रश्न सोसत नाहीत ती ओळ काढा, आणि आकडा लिहिला असेल तर तो कसा काढला ते सांगता आलं पाहिजे. आजोबांनी तिथेच बाकावर नातवाचा सीव्ही मांडीवर घेतला आणि प्रोजेक्टच्या ओळीवर बोट ठेवलं. फेस रेकग्निशन अटेंडन्स सिस्टिम, ॲक्युरसी ९५ टक्के.

"वर्गात किती?"

"साठ."

"तपासलंत त्या दिवशी हजर किती होते?"

"सत्तावन्न, आजोबा."

"म्हणजे तीन गैरहजर. आता मी डोळे मिटून सगळ्या साठांना हजर म्हणलं तर माझे किती बरोबर?"

नातू गप्प. शेजारची चार पोरं हातातले फोन खाली करून ऐकायला लागली, माझ्या लेक्चरला असं कधी होत नाही.

"सत्तावन्न बरोबर. साठात सत्तावन्न म्हणजे पंच्याण्णव टक्के. मग तुझ्या कॅमेऱ्याने केलं काय रे? त्या तिघांतले किती पकडले ते सांग. आम्ही कॅश मोजताना चांगल्या नोटा किती हे कुणी विचारत नसे, खोट्या किती निसटल्या ते विचारत."

पुस्तकात याला रिकॉल म्हणतात, मी ते सेमिस्टरभर शिकवतो, आणि हा माणूस नोटा मोजून शिकलेला. नातू हळूच म्हणाला, ते मोजलंच नाही, मॉडेल तयार घेतलं होतं, फोटो जमवायचं आणि त्यांना नावं लावायचं काम माझं. "मग हेच आत सांग," आजोबा म्हणाले, "आणि तो ९५ खोड." पेन त्यांच्याकडे होतंच. सीव्हीच्या दोन कॉपी आणायला सांगितल्या होत्या, दोन्हीवर खोडलं.

आत जुन्या विद्यार्थ्याने पहिलाच प्रश्न विचारला, हा आकडा का खोडलाय? पोराने सरळ सांगितलं. शीटवर शेरा आला, "मोजलेलं नाही, पण लपवलंही नाही. पुन्हा टेस्ट करून या, गैरहजर मुद्दाम जास्त ठेवा." त्या दिवशीचा सगळ्यात चांगला शेरा हा. बाकीच्यांच्या शीटवर बहुतेक "कॉन्फिडन्स कम", ज्याचा मुलाने काय उपयोग करायचा मला कळत नाही, कॉन्फिडन्स काही छप्पन दुकानला मिळत नाही. उद्या काय वेगळं करायचं ते लिहा, असं मी पॅनलला सांगून ठेवलं होतं. पॅनलही नोटीस वाचत नाही.

तोवर आजोबांनी बाहेर पॅनलसाठी आणलेले पोहे खाल्ले होते. जिरावण कमी आहे म्हणाले. मला म्हणाले. मग एचओडी आले, त्यांनी सगळा किस्सा पोरांकडून ऐकला, आणि मी तिथे उभा असताना आजोबांना नमस्कार करून विचारलं, "सर, आप परसों पैनल में बैठेंगे?"

सर!

पॅनलची एक दुरुस्ती नोटीस काढायची आहे. आजोबांनी हुद्दा सांगून ठेवलाय, "माजी मुख्य रोखपाल", आणि बँकेचं जुनंच नाव लिही म्हणाले. बाहेरून येणाऱ्यांना पाकीट आणि शाल असते, कोऑर्डिनेटरला काही नाही, उलट या गडबडीत बुडलेली माझी लेक्चरं शनिवारी भरून काढायची आहेत, आणि त्याला एक पोरगं येणार नाही. आलं तर ते आजोबांनी पाठवलेलं असेल.