बुचर्स, बार्नेट आणि चोरांची गोष्ट

"लंडनच्या चोरांनी पोलिसांना कळू नये म्हणून राइमिंग स्लँग ही गुप्त भाषा बनवली. म्हणूनच ते यमकाचा शब्द गाळतात. पण किल्ली सोपी आहे: गाळलेला शब्द परत जोडा, त्याच्याशी यमक जुळणारा शब्द शोधा, अर्थ हातात!"

राइमिंग स्लँग, म्हणजे एखाद्या शब्दाच्या जागी त्याच्याशी यमक जुळणारी जोडी बोलायची लंडनची तऱ्हा, हिच्याबद्दल असं नेहमी सांगितलं जातं. यातलं पहिलं वाक्य अर्धंच खरं आहे, दुसऱ्यात कारण चुकलंय, आणि तिसरं प्रत्यक्ष करून पाहिलं की लगेच फसतं. मी अकरा वर्षं पूर्व लंडनमधल्या एका छापखान्यात काम केलं. ही बोली तिथे रोज कानावर पडायची, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी शब्द घडतो कसा ते पाहू. 'लुक', म्हणजे नजर टाकणं, हा साधा शब्द घ्या. त्याच्याशी यमक जुळणारी, सगळ्यांच्या तोंडात बसलेली एखादी जोडी हवी. 'बुचर्स हुक', म्हणजे खाटकाच्या दुकानात मांस टांगायचा आकडा, ही तशी जोडी. आता 'लुक'च्या जागी अख्खी जोडी आली. मग रोजच्या वापरात 'हुक' गळून पडला आणि उरलं 'हॅव अ बुचर्स': जरा बघ. लुक आणि हुक यांचं यमक होतं, पण वाक्यात आता दोघंही नाहीत. शिल्लक राहिलेल्या 'बुचर्स'चा बघण्याशी काडीचा संबंध नाही. लंडनच्या पूर्व भागातल्या कामगारवस्तीत, कॉकनी बोलीत, असे शेकडो शब्द तयार झाले.

आता चोरांचा मुद्दा. या शब्दांच्या छापील याद्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मिळतात. जॉन कॅम्डन हॉटन या लंडनच्या प्रकाशकाने 1859 साली स्लँगचा कोश काढला आणि त्यात राइमिंग स्लँगची वेगळी यादी दिली. ही बोली बारा-पंधरा वर्षांपूर्वी सुरू झाली असं तो सांगतो आणि ती बोलणारे म्हणून त्याने नाव घेतलंय ते रस्त्यावरच्या विक्रेत्यांचं. एका पानावर छापलेली गाणी गाऊन विकणारे आणि खून-फाशीच्या हकिकती ओरडून खपवणारे हे लोक. त्यांचा धंदाच मुळी यमकावर चालायचा. चालता चालता गिऱ्हाइकाला थांबवायचं तर कानाला गोड लागेल असं काहीतरी तोंडातून निघालंच पाहिजे. अशा माणसांच्या बोलण्यात यमकाचा खेळ शिरला, हे मला चोरांच्या कटापेक्षा कितीतरी पटण्यासारखं वाटतं.

चोर ही बोली बोलत नव्हते असं मात्र नाही. 'बर्ड लाइम', म्हणजे पाखरं पकडायला फांदीला लावायचा चिकट लेप, हा 'टाइम'साठी वापरायचे. तुरुंगात काढलेला काळ म्हणून त्याचं 'डूइंग बर्ड' झालं आणि ते आजही चालतं. पण एखाद्या मंडळीने बोली वापरली म्हणजे त्यांनीच ती पोलिसांसाठी घडवली असं होत नाही. कोणीही विकत घ्यावं अशा कोशात जी यादी 1859 सालीच छापून आली, तिच्या भरवशावर कोणता चोर पोलिसांसमोर बोलेल?

खरी लपवाछपवीची बोली कशी असते हे पाहायचं तर त्याच काळातले हातगाडीवाले भाजीविके बघा. ते शब्द उलटा करून बोलायचे. पेनीचं 'येनेप', बॉयचं 'यॉब', आणि लुकचं 'कूल'. आपल्याकडे मुलं 'च'ची भाषा बोलतात ना, 'मला पाणी'चं 'चलाम चणीपा', त्याच जातीचा हा प्रकार. त्याला नियम असतो. नियम माहीत असला की कधीही न ऐकलेला शब्द तिथल्या तिथे बनवता येतो आणि ऐकणाऱ्याला उलगडता येतो. गिऱ्हाइकासमोर भाव ठरवायला हे सोयीचं. राइमिंग स्लँगमध्ये असा नियमच नाही. 'लुक'साठी बुचर्स हुकच का, दुसरं काही का नाही, याला उत्तर एकच: तसं रूढ झालं. पाठ केलेले शब्द ज्याला येतात त्याला येतात. घाईच्या वेळी नवा निरोप लपवून द्यायला ही बोली फारशी उपयोगाची नाही.

यमकाचा शब्द का गळतो, हा सगळ्यांत रंजक भाग, आणि इथेच कारण उलटं सांगितलं जातं. गुप्ततेसाठी गाळायचा असता तर पहिल्यापासून गाळला असता. हॉटनच्या यादीत शब्द पूर्ण दिलेत: जिन्याला 'ॲपल्स अँड पेअर्स', केसांना 'बार्नेट फेअर', टेबलाला 'केन अँड एबल'. आधी अख्खी जोडी रुळली आणि मग तिचं शेपूट गळलं.

आपणही हे रोज करतो. कोणी सबबी सांगायला लागलं की आपण नुसतं म्हणतो, "नाचता येईना..." पुढचं अंगण म्हणायची गरजच पडत नाही, ऐकणारा मनात पुरं करतो. जे दोघांनाही पाठ आहे ते एकाने अर्ध्यावर सोडलं तरी चालतं. म्हणजे शब्द गळतो तो समोरच्याला कळतंय म्हणून. कळू नये म्हणून नव्हे. परका माणूस गोंधळतो हे खरं, पण तो त्याचा परिणाम आहे. आपल्या म्हणीशी तुलना एवढ्यापुरतीच. 'नाचता येईना' या अर्ध्या भागालाही स्वतःचा अर्थ उरतो. 'बुचर्स'ला तो उरत नाही, कारण अर्थाचा धागा नेमका गळालेल्या टोकाला बांधलेला होता.

आणि प्रत्येक शब्दाचं शेपूट गळतंच असंही नाही. चोराला 'टी लीफ' म्हणतात, थीफशी जुळवून. त्याचं नुसतं 'टी' झालं तर ऐकणाऱ्याला चहाच वाटणार, म्हणून लीफ टिकलं. मेलेल्याला 'ब्राउन ब्रेड' म्हणतात, तेही पूर्ण. जिथे उरलेला तुकडा वाक्यात गोंधळ करत नाही तिथे तो सुटा होतो आणि मग चारचौघांतल्या शब्दासारखा वागायला लागतो. 'पोर्क पाइज' म्हणजे लाइज, खोटं बोलणं. त्याचं 'पोर्कीज' झालं, जणू लाडाचं नाव. 'रॅबिट अँड पोर्क' म्हणजे टॉक. त्यातला रॅबिट क्रियापद झाला, आणि न थांबता बडबडणाऱ्याला 'रॅबिटिंग ऑन' म्हणू लागले.

एक कारण मात्र लपवण्याचंच आहे, पण त्यात पोलीस नाहीत, लाज आहे. तोंडाने फुर्र असा आवाज काढण्याला इंग्रजीत रास्पबेरी म्हणतात. ते आलं 'रास्पबेरी टार्ट'वरून, आणि टार्टचं यमक जुळतं ते पादण्याच्या शब्दाशी. टार्ट गळल्यावर फळाचं नाव उरलं आणि ते सभ्य घरांतल्या आज्याही नातवंडांसमोर बिनदिक्कत वापरतात.

आता ती सोपी किल्ली. दाव्यात सांगितलंय तसंच करून पाहू. आमच्या छापखान्यातला एक म्हातारा जुळारी मला पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "यूज युअर लोफ." लोफला शेपूट जोडलं: लोफ ऑफ ब्रेड. ब्रेडशी यमक: हेड, डेड, रेड, बेड, सेड, थ्रेड. यातला कोणता? यमक काहीच सांगत नाही. वर पाहिलेला ब्राउन ब्रेड आठवा. तोच ब्रेड तिथे 'डेड' आणि इथे 'हेड', डोकं. "डोकं चालव" असं तो म्हणत होता, आणि मला ते कळलं ते यमकामुळे नव्हे. 'यूज युअर' नंतर काय बसेल, आणि मी नुकतंच कागदाचं बंडल उलट्या बाजूने लावलं होतं, या दोन गोष्टींमुळे.

याहून पक्का दाखला जुन्या यादीतच आहे. 'प्लेट ऑफ मीट' म्हणजे काय? आज कोणीही सांगेल, फीट, पाय. नुसतं 'प्लेट्स' म्हणतात, "माझे प्लेट्स दुखतायत." पण 1859 च्या हॉटनच्या यादीत त्याचा अर्थ आहे स्ट्रीट, रस्ता. जोडी तीच, यमक तंतोतंत तेवढंच बरोबर, अर्थ निराळा. पुढे रस्ता मागे पडला आणि पाय उरले. किल्ली खरंच सगळीकडे चालत असती तर तिने दोन्ही वेळा एकच दार उघडलं असतं.

शिवाय यमक लंडनच्या उच्चारातलं असतं, कागदावरचं नव्हे. आपण पोर्क वाचताना र स्पष्ट म्हणतो आणि मग 'टॉक' जुळत नाही म्हणून वाट चुकतो. लंडनकर तो र उच्चारतच नाही, त्याचं जवळजवळ 'पॉक' होतं. जुन्या यादीत घोड्याला 'चॅरिंग क्रॉस', या लंडनमधल्या ठिकाणाच्या नावाने, म्हटलंय. तेही असंच: हॉर्समधला र गेला आणि क्रॉसमधला स्वर लांबला की दोन्ही जुळतात. ज्या बोलीत हे उच्चार नाहीत तिथे यमकच नाही.

आणि कधीकधी साखळी दोनदा वळते. पार्श्वभागाच्या असभ्य शब्दासाठी आधी 'बॉटल अँड ग्लास' आलं, त्याचं 'बॉटल' उरलं. मग बॉटलला पुन्हा यमक शोधलं, 'ॲरिस्टॉटल', आणि त्याचंही तोडून 'ॲरिस' केलं. आता ॲरिसवर किल्ली लावा. ॲरिस्टॉटल, बॉटल... आणि तुम्ही बाटलीपाशी थांबाल.

मग बाहेरचा माणूस उलगडतो कसा? मी उलट्या दिशेने शिकलो. आधी वाक्यातली रिकामी जागा पाहायची. "हॅव अ बुचर्स ॲट हिज बार्नेट." 'हॅव अ' आणि 'ॲट' यांच्या मधे बसणारे शब्द मोजकेच, त्यांत 'लुक' सगळ्यांत नेहमीचा. 'हिज' पुढे त्या माणसाचं काहीतरी आहे, आणि बोलणारा बघतोय त्याच्या डोक्याकडे. म्हणजे अर्थाचा अंदाज आधी आला. मग बुचर्सबरोबर नेहमी काय येतं ते आठवायचं: शॉप, नाइफ, हुक. लुकशी हुक जुळतो, अंदाज पक्का. यमक इथे पडताळा म्हणून येतं. शेवटी तोच शब्द दुसऱ्या कोणाच्या तोंडून, दुसऱ्या वाक्यात ऐकू येईपर्यंत थांबायचं. एकदाच ऐकलेल्यावर मी कधी विसंबलो नाही, कारण वर्तमानपत्रांतल्या हौशी याद्यांत असे पुष्कळ शब्द असतात जे कोणी कधी बोलतच नाही.

बार्नेटचं शेपूट मात्र मला सापडत नव्हतं. जुळाऱ्यालाच विचारलं, बार्नेट म्हणजे केस का? तो म्हणाला, "कारण ते केसच आहेत." बार्नेट हे लंडनच्या उत्तर भागातलं ठिकाण आहे आणि तिथे घोड्यांची मोठी जत्रा भरायची, बार्नेट फेअर, हे मला पुढे पुस्तकात सापडलं. त्याने जन्मभर तो शब्द अचूक वापरला होता, आणि त्यामागच्या जत्रेचं नाव त्याने माझ्याकडून पहिल्यांदा ऐकलं.